ऐकणाऱ्यांचं कोण ऐकणार?

गेल्या वर्षी आमच्या गटाने नवऱ्यांनी टाकून दिलेल्या चोवीस महिलांच्या मुलाखती घेतल्या. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. मुलाखत घ्यायला मी एकदाही गेलो नाही. माझ्याकडे काम होतं ते ध्वनिमुद्रण ऐकून शब्दशः उतरवून काढण्याचं आणि दखनी बोलण्याचं मराठी करण्याचं. घरी बसून, हेडफोन लावून करायचं काम. 'तुझं काम सोपं आहे' असं सगळे म्हणाले. मलाही ते पटलं होतं.

सातवी मुलाखत बेचाळीस मिनिटांची होती. ती उतरवायला मला दोन रात्री मिळून सहा तास लागले. तिच्यात एका जागी मागून मिक्सरचा आवाज येत होता, त्यामुळे एक वाक्य नीट कळेना. पाच सेकंद मागे जायचं, ऐकायचं, पुन्हा मागे जायचं, असं मी ते अकरा वेळा ऐकलं. मुलाखत घेणाऱ्या आपांनी ते एकदाच ऐकलं होतं. शिवाय त्या तिथे हजर होत्या. त्यांनी त्या बाईला पाणी दिलं, हात धरला, 'आज थांबू या का' असं विचारलं. माझ्यापुढे फक्त पडद्यावरची रेघ होती. रेघ सपाट झाली की समजायचं, ती गप्प झाली आहे. तिच्यासाठी काहीही करणं मला शक्य नव्हतं, कारण जे घडलं ते तीन आठवड्यांपूर्वीच घडून गेलं होतं.

अनुवादाने त्यात भर घातली. ती म्हणते 'मेरेकू', आणि मी टाइप करतो 'मला'. तासन्‌तास दुसऱ्याचं दुःख प्रथमपुरुषी एकवचनात लिहीत राहिलं की ते थोडं आपलंच होऊन बसतं. दुभाष्यांना हा अनुभव नवा नाही, मला मात्र नवा होता.

या ताणाला अभ्यासकांनी १९९० च्या दशकातच नावं दिली आहेत. दुय्यम आघात हे त्यातलं एक. आघात ज्याच्यावर झाला त्याचं ऐकून ऐकून ऐकणाऱ्यालाही तशीच लक्षणं दिसू लागतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या निदानपुस्तिकेत आणखी एक गोष्ट मान्य केली. कामाचा भाग म्हणून कुणाला अशा घटनांचा भीषण तपशील पुन्हापुन्हा किंवा टोकाच्या प्रमाणात हाताळावा लागत असेल, तर तोही आघाताचा अनुभव धरता येतो. ध्वनिफिती आणि चित्रफितीही त्यात येतात, मात्र त्या कामासाठी ऐकलेल्या-पाहिलेल्या असाव्या लागतात.

माझ्यात काहीतरी बिघडतंय हे माझ्याआधी आपांच्या लक्षात आलं, आणि तेही कागदावरून. शब्द कळला नाही की मी चौकटी कंसात 'अस्पष्ट' असं लिहायचो. पहिल्या पाच मुलाखतींत हा शिक्का एकेका मुलाखतीत तीन-चार वेळा आला होता. नवव्या मुलाखतीत तो एकोणीस वेळा आला. आपांनी ध्वनिमुद्रण लावून पाहिलं, तर बहुतेक शब्द स्वच्छ ऐकू येत होते. ते ऐकण्याचं मी टाळत होतो, आणि टाळतो आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. रात्री दाराची कडी दोनदा तपासणं, बायकोवर विनाकारण खेकसणं, फाइल उघडण्याआधी उगाच ऑफिसची ईमेल चाळणं, हे सारं मागाहून आठवलं.

बायकोला मी काही का सांगितलं नाही? कारण सांगायची परवानगीच नव्हती. 'तुमचं बोलणं अभ्यासगटाबाहेर जाणार नाही' या संमतीपत्रातल्या वाक्यावर विश्वास ठेवून त्या महिला बोलल्या होत्या. तो शब्द पाळायलाच हवा होता. पण त्याच वाक्याने माझं मन मोकळं करायचं दारही बंद झालं होतं, आणि आराखडा करताना याचा विचार कुणीच केला नव्हता. संमतीपत्र लिहिताना बोलणाऱ्या महिलेचं संरक्षण ठरतं, त्याच वेळी ऐकणाऱ्याने कुणाशी बोलायचं हेही ठरलं पाहिजे. ही व्यक्ती त्याच गोपनीयतेने बांधलेली असावी, तिचा उल्लेख संमतीपत्रात असावा, आणि शक्यतो ती कामाचा हिशेब घेणारी नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने महिलांवरील कौटुंबिक हिंसेच्या संशोधनासाठी २००१ साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांतही गटातल्या सर्वांना प्रशिक्षण आणि सतत आधार द्यावा असं म्हटलं आहे. या 'सर्वां'मध्ये घरी बसून टाइप करणाराही येतो.

मग आम्ही काम थांबवलं आणि आराखडा नव्याने केला. मुलाखत घेणाऱ्याने प्रत्येक फाइलवर हलकी, जड किंवा फार जड अशी खूण करायची, आणि कोणत्या मिनिटाला काय येणार हे एका ओळीत लिहून ठेवायचं. अचानक कानावर आदळलेलं जास्त लागतं. एकाच माणसाकडे लागोपाठ दोन जड फाइली द्यायच्या नाहीत. दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नाही, रात्री नऊनंतर अजिबात नाही. कुणालाही कारण न सांगता फाइल परत करता येईल. हा नियम फार उपयोगी पडला. आपल्यातल्या किती जणांच्या घरात आई, मावशी किंवा बहीण यातून गेलेली असते, आणि ते चारचौघांत सांगायला कुणी बांधील नाही.

जड फाइल संपली की चोवीस तासांच्या आत वीस मिनिटांचं बोलणं ठेवलं. इथे एक काळजी घ्यावी लागते. घटनेनंतर सगळ्यांना एकदाच बसवून, काय काय झालं ते सविस्तर बोलायला लावायची पद्धत एके काळी फार चालली. तिच्या चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं की अशा एका बैठकीने पुढचा आजार टळत नाही, आणि काहींना त्रासही होऊ शकतो. म्हणून आमच्या बोलण्यात ऐकलेला प्रसंग पुन्हा वर्णन करायचा नाही, नाहीतर तोच भार समोरच्यावर जातो. विचारायचं एवढंच: मनात काय अडकून राहिलं? झोप, जेवण, चिडचिड कशी आहे? पुढची फाइल हवी आहे की थांबायचं आहे? तपशील सांगावासा वाटला तर आधी 'सांगू का?' असं विचारायचं. हे बोलणं ठरलेलं असलं तरी तिथे गप्प बसायची मुभा असते.

माझ्या पहिल्या वेळी मी पंधरा मिनिटं मिक्सरच्या आवाजावरच बोललो. समोरच्या ताईंनी मला अडवलं नाही. त्या रात्री मी कडी एकदाच तपासली.

या व्यवस्थेला मर्यादा आहेत. महिनाभरानंतरही वाईट स्वप्नं पडत असतील, तेच आवाज आठवत असतील, काम किंवा घर सांभाळणं अवघड जात असेल, तर सहकाऱ्याशी बोलणं पुरणार नाही. तिथे समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक सुरुवातीला उपयोगी पडू शकतो. तिथे बोलतानाही मुलाखतीतली नावं घ्यायची गरज नसते, स्वतःबद्दल बोललं की पुरतं.

नव्या आराखड्यामुळे आमचं काम दोन महिने लांबलं. पण शेवटच्या सहा मुलाखतींत 'अस्पष्ट'चा शिक्का पुन्हा तीन-चारवर आला. त्या महिलांनी धीर करून जे सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरलं. तुमच्यापैकी जे कुणी असं काम हाती घेणार आहेत, त्यांनी रेकॉर्डर विकत घेण्याआधी एका कागदावर लिहावं: हे ऐकणारा कोण, आणि त्याचं ऐकणारा कोण. दुसरी जागा रिकामी असेल, तर पहिली मुलाखत घेऊ नये.