रॅम्प आहे, कमोड आहे आणि दाराला कुलूप आहे

सांगली-मिरजेत सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीवर व्हीलचेअरचं निळं चित्र दिसलं की आधी दाराकडे बघा. कुलूप असतं. किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला माहीत नसतं. दार उघडलंच तर आत झाडू, बादल्या आणि फिनाईलचे कॅन निघतात. देखभाल करणाऱ्याला विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं, "अपंग येतच नाहीत." अधिकारीही हेच म्हणतात. हे उत्तर मला मान्य नाही. लोक येत नाहीत, कारण आलेला माणूस आत शिरू शकत नाही. शिरला तर दार लागत नाही, बसला तर पाण्यापर्यंत हात पोहोचत नाही. एकदा फजिती झाली की तो पुन्हा कशाला येईल? बाजाराला निघायच्या आधी तो घरीच पाणी पिणं बंद करतो.

अशाच एका शौचालयात मी टेप घेऊन गेलो. नाव सांगत नाही, कारण बाकीचीही फार वेगळी नाहीत. जोतं ४५ सेंटिमीटर उंच होतं. कृष्णेचा पूर २००५, २०१९ आणि २०२१ साली बघितलेल्या शहरात जोतं उंच घेणं शहाणपणाचंच आहे. पण जोतं वाढलं की रॅम्पही वाढवावा लागतो. नियम सोपा आहे: जेवढी उंची, त्याच्या किमान बारा पट लांबी. म्हणजे ४५ सेंटिमीटरला ५.४ मीटर रॅम्प हवा, शिवाय वर आणि खाली खुर्ची वळवायला सुमारे दीड-दीड मीटर सपाट जागा. इथला रॅम्प दोन मीटरचा होता. तो चढायला मागून दोन माणसं ढकलायला लागतात, आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते. अशा रॅम्पपेक्षा पायऱ्या बऱ्या, निदान त्या खोटं आश्वासन देत नाहीत. जागा नव्हती, हे कारण मला पटत नाही. एवढी जागा नकाशातच धरायची असते. सरळ बसत नसेल तर रॅम्प मध्ये वळवून घेता येतो.

आतली खोली १.२ बाय १.५ मीटर. कमोडने लांबीतले सत्तर सेंटिमीटर खाल्ले, उरले ऐंशी. साधी व्हीलचेअर एक मीटरहून लांब असते. दार आत उघडणारं होतं. म्हणजे खुर्ची आत नेली की दार लागणार नाही, दार लावायचं तर खुर्ची बाहेर ठेवायची. ठेकेदाराने कमोड बसवला, स्टीलची दांडी लावली, फोटो काढला. बिल निघायला तेवढं पुरतं.

केंद्र सरकारची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं अशा खोलीला आतून किमान २.२ बाय २ मीटर जागा मागतात. ही चैन नाही. पायात ताकद नसलेला माणूस खुर्ची कमोडच्या शेजारी लावतो आणि हातांच्या जोरावर सरकून बसतो. त्यासाठी कमोडच्या एका बाजूला ९० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. नेमक्या त्याच जागेत आपल्याकडे कचऱ्याचा डबा ठेवतात. कमोडची बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच हवी, म्हणजे साधारण खुर्चीच्या गादीएवढी. दार ९० सेंटिमीटर मोकळं आणि बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. बाहेर उघडणाऱ्या दाराचा आणखी एक फायदा आहे: आत कुणी पडलं तर दार अडत नाही. आधाराच्या दांडीवर माणूस सगळा भार टाकतो. टाइलमध्ये प्लास्टिकचा गट्टू ठोकून बसवलेली दांडी उखडली की तो थेट फरशीवर पडतो.

पाणी कसं वापरायचं याचा विचार तर नकाशा काढणाऱ्याने केलेलाच नसतो. आपल्याकडे पाण्याशिवाय शौच होत नाही. इस्तिंजा म्हणा किंवा नुसती स्वच्छता म्हणा, गरज तीच. नळ मात्र भारतीय भांड्याच्या सवयीने मागच्या भिंतीवर, गुडघ्याखाली बसवलेला असतो. कमोडवर बसलेल्या माणसाला तो वळूनही गाठता येत नाही. लकवा झालेल्याचा एकच हात चालतो, आणि तो डावा की उजवा हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून एका बाजूला जेट आणि दुसऱ्या बाजूला नळ व मग असावा, दोन्ही बसल्या जागी हाताशी. फरशी घासून चकचकीत केलेली नको, आणि पाणी चाकांच्या वाटेत साचू नये. कुबडीचं रबर ओल्या गुळगुळीत टाइलवर टिकत नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र दार कुठे आहे याची आहे. ही खोली बहुतेक वेळा पुरुषांच्या विभागात, आतल्या बाजूला असते. नवरा खुर्चीत आहे आणि सोबत बायको आहे, तर ती आत कशी जाणार? म्हाताऱ्या अम्मीला घेऊन आलेल्या मुलाने कुठल्या बाजूने जायचं? मिरजेत उपचारासाठी कर्नाटकातूनही माणसं येतात, आणि सोबत नेहमी त्याच लिंगाचं माणूस असतंच असं नाही. या खोलीचं दार थेट बाहेरून उघडायला हवं. स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच वेगळी खोली, बस्स. आणि हे मशिदींनाही लागू आहे. वजूखान्याच्या तीन पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून घरी नमाज पढणारे बुजुर्ग आपल्या मोहल्ल्यात किती आहेत ते मोजून बघा.

आता कुलूप. देखभाल करणारा बिचारा दुष्ट नाही. ठेका 'पैसे द्या, वापरा' पद्धतीचा असेल तर त्याची कमाई नेहमीच्या गिऱ्हाइकांवर असते. ही खोली म्हणजे त्याच्यासाठी आणखी एक फरशी धुण्याचं काम. शिवाय सवय नसलेले लोक कमोडवर चढून बसतात, बैठक तुटते, नवी कुणी देत नाही. मग तो कुलूप लावतो. हे उपदेशाने सुटत नाही, करारात लिहावं लागतं. खोली उघडी राहील, तिच्यात सामान ठेवलं जाणार नाही, मोडलेली बैठक, जेट आणि कडी अमुक दिवसांत बदलली जाईल, आणि अचानक तपासणीत कुलूप सापडलं तर त्या महिन्याची रक्कम कापली जाईल. त्या बदल्यात सफाईचा पगार आणि सुट्या भागांचा खर्च ठेकेदाराला वेगळा मिळाला पाहिजे. बांधायला पैसे आणि चालवायला शून्य, अशा हिशेबात कुलूपच लागणार. शेजारी चांगलं भारतीय भांडं ठेवलं तर कमोडवर चढण्याचं कारणही उरत नाही.

पैसे नाहीत, असं महापालिका म्हणेल. महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांना उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. त्यातले किती गेल्या वर्षी शौचालयांच्या दुरुस्तीवर गेले, हा माहिती अधिकारात विचारायचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न जास्त झोंबणारा आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर इमारतीला बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखलाच देता येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला कायद्याने दिलेली पाच वर्षंही २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसती शिफारस असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. मग दोन मीटरच्या रॅम्पला आणि आत उघडणाऱ्या दाराला पूर्णत्वाचा दाखला मिळाला कसा, त्यावर सही कुणाची, आणि त्या दिवशी जागेवर टेप कुणी लावली?

अर्ज करताना सोबत मापं जोडा. रॅम्पची लांबी आणि जोत्याची उंची, दाराची मोकळी रुंदी आणि ते कुठल्या बाजूला उघडतं, खोलीची आतली लांबी-रुंदी, बसल्या जागेपासून नळाचं अंतर. आणि आठवड्यातल्या तीन वेगवेगळ्या वेळी काढलेला कुलपाचा फोटो. उत्तर नाही आलं तर हाच कागद पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे पाठवा.