ऊसनोंदीतील चूक ऑपरेटरची नव्हे

गळीत हंगाम जवळ आला की आपल्या जिल्ह्यात ऊसनोंदीच्या तक्रारी सुरू होतात. मोजणी झाली, शेतकऱ्याने समक्ष पाहिले, गट ऑफिसात क्षेत्र दुरुस्तही झाले आणि महिन्याभराने यादीत जुनाच आकडा! मग कोणत्या ऑपरेटरच्या नावावर शेवटची नोंद आहे ते पाहून त्याला नोटीस दिली जाते. साखर कारखान्यांच्या संगणकप्रणालीवर काम करणारा माणूस म्हणून मला वाटते, की अशा कित्येक नोटिसा चुकीच्या माणसाला जातात.

एक उदाहरण घ्या. एका सभासदाच्या नोंदीत क्षेत्र ६० गुंठे आहे. त्याची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाल्याने आयएफएससी बदलला आहे, म्हणून मुख्य कार्यालयातील ऑपरेटर ११:०५ वाजता नोंद उघडतो आणि पासबुकाची प्रत शोधू लागतो. ११:०८ ला गट ऑफिसातील कर्मचारी तीच नोंद उघडतो, फेरमोजणीप्रमाणे क्षेत्र ७५ गुंठे करतो आणि ११:१० ला सेव्ह करतो. ११:२० ला पहिला ऑपरेटर नवा आयएफएससी टाकून सेव्ह दाबतो. त्याच्या पडद्यावर अजून ११:०५ चीच माहिती आहे आणि बहुतेक प्रणाली फॉर्ममधले सगळे रकाने एकदम लिहितात. आयएफएससी बदलला, पण क्षेत्र पुन्हा ६० झाले. पडद्यावर लाल अक्षर नाही, दोघांनाही ‘नोंद जतन झाली’ असाच संदेश. इतिहास काढला तर ७५ चे ६० पहिल्या ऑपरेटरने केलेले दिसतात. तो शपथेवर सांगेल, की मी क्षेत्राला हातही लावला नाही. ते खरेच आहे.

‘आमचा डेटाबेस नामांकित आहे, असे होणार नाही,’ हे विक्रेत्याचे ठरलेले उत्तर. पण वाचणे ११:०५ चे आणि लिहिणे ११:२० चे. डेटाबेसच्या दृष्टीने ते दोन वेगळे व्यवहार आहेत आणि दोन्ही बिनचूक झाले आहेत.

एक उपाय सुचवला जातो तो कुलुपाचा : एकाने नोंद उघडली की दुसऱ्याला ती मिळूच नये. नोंद उघडी ठेवून माणूस जेवायला गेला किंवा वीज गेली, की ते कुलूप काढायला मुख्य कार्यालयाला फोन करावा लागतो. मुळात एकाच नोंदीवर दोघे एकाच वेळी येणे विरळाच. त्यासाठी रोज सगळ्यांना रांगेत उभे करण्यात अर्थ नाही. कुंग आणि रॉबिन्सन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ‘ऑप्टिमिस्टिक’ पद्धत इथे बसते. कोणालाही अडवायचे नाही, तपासणी फक्त लिहिताना करायची. त्यासाठी प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा एक रकाना पुरतो :

```sql
UPDATE us_nond
SET kshetra = 75, version = version + 1
WHERE id = 4182 AND version = 7;
```

दोघांनी नोंद उघडली तेव्हा आवृत्ती ७ होती. गट ऑफिसचे लिखाण बसले आणि ती ८ झाली. मुख्य कार्यालयाची आज्ञा मात्र ७ शोधते आणि तिला एकही ओळ सापडत नाही. खरी मेख इथे आहे. ‘शून्य ओळी बदलल्या’ याला डेटाबेस चूक मानत नाही. प्रोग्रामरने तो आकडा तपासला नाही, तर प्रणाली खुशाल ‘जतन झाली’ म्हणते आणि या वेळी आयएफएससी गायब होतो. दुसरी पळवाट अशी, की काही ठिकाणी सेव्ह दाबल्यावर आवृत्ती नव्याने वाचतात. ती अर्थातच जुळते! फॉर्म उघडतानाची आवृत्तीच फॉर्मबरोबर जायला हवी. एक्सेलमधून भरली जाणारी यादी आणि शेतावरून चालणारे मोबाइल ॲप यांनाही हाच नियम लागला पाहिजे. एक दार उघडे राहिले तरी रकाना निरुपयोगी.

फक्त बदललेला रकाना लिहिला तर? वरच्या उदाहरणात भागले असते. पण एकाने क्षेत्र बदलले आणि दुसऱ्याने जुन्या क्षेत्रावरून काढलेले अंदाजी टनेज भरले, तर दोन्ही बदल टिकूनही नोंद खोटीच राहते.

नोंद अडल्यावर नुसते ‘एरर’ दाखवणेही पुरेसे नाही. कोणी, कधी, काय बदलले ते समोर यावे आणि ऑपरेटरने टाइप केलेले पुसले जाऊ नये. नाहीतर तो वैतागून पान ताजे करतो आणि काय बदलले ते न पाहताच पुन्हा सेव्ह दाबतो.

म्हणून कारखान्यांच्या खरेदी समित्यांना सुचवावेसे वाटते, की नोटीस काढण्याआधी आणि नवी प्रणाली स्वीकारण्याआधी विक्रेत्यासमोर दोन संगणकांवर एकच नोंद उघडावी. एकावर क्षेत्र बदलून सेव्ह करावे, मग दुसऱ्यावर बँक खाते बदलून सेव्ह करावे. हीच चाचणी एकदा मोबाइल ॲपवरून घ्यावी. दुसरे सेव्ह मुकाट्याने झाले, तर बिल रोखून धरावे. ही अट निविदेतच लिहिलेली असली, तर त्यावर वाद घालायला जागा राहणार नाही.

– एक संगणक व्यावसायिक, राजारामपुरी, कोल्हापूर