इंटर्नशिपचा पहिला आठवडा आणि एक पानाची नोट

नव्या शैक्षणिक धोरणानंतर इंटर्नशिप, किंवा कॉलेजच्या भाषेत ओजेटी, थेट मार्कशीटवर आली आहे. इंटर्नशिपचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. चार क्रेडिट असतील तर १२० तास. दिवसाला चार तास आणि आठवड्याचे सहा दिवस धरले, तर पाच आठवडे. हिशेब सोपा आहे, आणि गडबड तिथेच होते. कॉलेजला तासांचं सर्टिफिकेट हवं असतं, ऑफिसला एक जास्तीचा हात मिळतो आणि तुम्ही झेरॉक्सच्या दुकानात उभे असता. तास भरतात, पण त्यात शिकलात काय, हे कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं.

ते पहिल्याच आठवड्यात लिहून घेता येतं. कसं, ते बघायला एक ओळखीचं उदाहरण घेऊ. समजा तुम्ही बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि तुम्हाला एका टॅक्स कन्सल्टंटकडे जागा मिळाली. सर स्वतः, दोन असिस्टंट, कपाटभर फायली. बरेचसे इंटर्न इथे उत्साहात लिहितात, ‘मला जीएसटी शिकायचा आहे’. सर मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी बँकेत स्लिप भरायला पाठवतात. यात सरांचाही फार दोष नाही. ‘जीएसटी शिकायचा’ या वाक्यावरून उद्या सकाळी तुमच्या हातात नेमकं काय द्यायचं, ते त्यांना कळतच नाही.

म्हणून पहिले तीन दिवस नोट लिहू नका. सांगतील ते करा, बँकेतही जा. पण ऑफिसात कोणतं काम कोणत्या तारखेला येतं, ते बघा. टॅक्स ऑफिसचा महिना तारखांवर चालतो. दरमहा रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्याचं विक्रीचं रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-१, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जातं. १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतं. तुमच्या क्लायंटला माल विकणाऱ्यांनी कोणकोणती बिलं दाखवली, याची ती यादी. आणि २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरून कर जमा करायचा असतो. १४ ते २० या दिवसांत ऑफिसमध्ये एकच धांदल असते, ती २बी आणि क्लायंटचं खरेदीचं रजिस्टर जुळवण्याची. विक्रेत्याने बिल दाखवलंच नसेल, तर त्या बिलावरच्या कराचं क्रेडिट क्लायंटला त्या महिन्यात घेता येत नाही. तेवढे पैसे खिशातून जातात. म्हणजे हे काम खरं आहे, त्यात मदतीची गरज आहे आणि एक्सेल येत असेल तर ते शिकण्यासारखंही आहे. तुमचं पहिलं ध्येय इथे आहे.

चौथ्या दिवशी सरांकडे पंधरा मिनिटं मागा. क्लायंट बसलेले असताना नको; दुपारच्या चहानंतर बरं. सर फार बिझी असतील तर सीनियर असिस्टंटकडे जा, कारण रोजचं काम तेच देणार आहेत. जाताना कोरा कागद नेऊ नका आणि पक्का छापलेला तर मुळीच नको. कच्चं लिहून न्या आणि म्हणा, “सर, पाच आठवड्यांत मला हे तीन जमावं असं वाटतं. ऑफिसला यातलं काय उपयोगाचं आहे?” या दुसऱ्या प्रश्नाने बोलण्याचा सूर बदलतो. सर एखादी ओळ खोडतील, एखादी घालतील. खोडलेला तो कागद त्यांचाही होतो.

त्या कागदावर साधारण असं असावं:

‘पहिला आणि दुसरा आठवडा: मागच्या महिन्याची एका क्लायंटची २बी आणि खरेदी रजिस्टर एक्सेलमध्ये जुळवणे. न जुळणाऱ्या प्रत्येक बिलापुढे कारण लिहिणे. तपासणार: सीनियर.

तिसरा आठवडा: चालू महिन्याचे दोन क्लायंट, हेच काम. १७ तारखेपर्यंत यादी सीनियरकडे.

चौथा आणि पाचवा आठवडा: विक्रेत्यांना पाठवायच्या आठवणीच्या मेलचा मसुदा. ३बी भरताना शेजारी बसून बघणे. स्वतः भरणे नाही.

बाहेरची कामं: रोज साधारण एक तास.’

यातली मागच्या महिन्याची युक्ती लक्षात ठेवा, कारण सगळी नोट तिच्यावर उभी आहे. मागच्या महिन्याचं उत्तर ऑफिसात आधीच तयार असतं. तुमची यादी सीनियरच्या यादीशेजारी ठेवली की पाच मिनिटांत कळतं, तुम्ही काय सोडलं. तुमची चूक झाली तरी क्लायंटचं नुकसान नाही आणि तपासणाऱ्याचा वेळही जात नाही. तपासायला अर्धा दिवस लागेल असं ध्येय लिहिलंत, तर ते कुणीही तपासणार नाही.

‘कारण लिहिणे’ हे शब्दही मुद्दाम घातलेत. बिल जुळत नाही एवढं तर एक्सेलचा फॉर्म्युलाही सांगतो. शिकणं पुढे आहे. बिल नंबर एकाने ‘१२’ आणि दुसऱ्याने ‘००१२’ असा लिहिला आहे? १५ अक्षरी जीएसटी नंबरात एक अक्षर चुकलं आहे? की विक्रेत्याने बिल दाखवलंच नाही? पहिल्यात फक्त नोंद सारखी करायची, दुसऱ्यात विक्रेत्याला दुरुस्ती करायला सांगायची, तिसऱ्यात त्याच्या मागे लागायचं. तिन्हींचा उपाय वेगळा. सतत फॉर्म्युल्यालाच दोष देत बसलात, तर समजा अजून जमलेलं नाही.

‘रोज एक तास’ ही ओळ लिहायला अनेकांना संकोच वाटतो. पण लहान ऑफिसात स्लिप भरायला, फाईल पोचवायला कुणीतरी जाणारच, आणि तुम्ही साफ नकार दिलात तर बाकीचं दारही बंद होतं. काम मान्य करा, त्याला माप लावा. मग डायरीवर नजर ठेवा. रोजच्या नोंदीतली क्रियापदं मोजा: नेलं, आणलं, दिलं, की जुळवलं, शोधलं, विचारलं? दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी पहिलीच जास्त निघाली, तर नोट समोर ठेवून शांतपणे विचारा, “सर, सोमवारपासून चालू महिन्याचं सुरू करू का?” तक्रार नको, फक्त तारीख दाखवा. १८-१९ तारखेला मात्र हे बोलणं काढू नका. त्या दिवशी कुणीच ऐकत नाही, आणि बरोबरच आहे.

एक पथ्य पाळा. क्लायंटचं नाव, त्याचा पोर्टलचा पासवर्ड, रजिस्टरचा फोटो, यातलं काहीही नोटमध्ये, कॉलेजच्या लॉगबुकात किंवा मोबाइलमध्ये नको. ‘क्लायंट अ’, ‘क्लायंट ब’ पुरे. गेल्या महिन्याचा डेटा द्यायला सर कचरत असतील, तर कारण बहुधा हेच असतं. नावं आणि नंबर झाकलेली शीट चालेल, असं तुम्हीच सुचवा.

आणि सर म्हणाले, “सही-बिही कशाला, बघू पुढे”? हे होतंच. सहीसाठी अडून बसू नका. संध्याकाळी त्यांना व्हॉट्सॲपवर तेच चार मुद्दे पाठवा: “सर, आज ठरलं ते असं. काही बदल असेल तर सांगा.” उत्तर ‘ओके’ आलं तरी चालेल. तो मेसेज तारखेसकट तुमच्या कॉलेजच्या मेंटॉरलाही कळवा, म्हणजे चौथ्या आठवड्यात तुम्ही अजून झेरॉक्सच्या रांगेतच असलात, तर त्यांना ऑफिसात फोन करताना हातात काहीतरी असेल.