ऊन लागलं म्हणजे नक्की काय झालं?

आपल्या घरांत उन्हाळ्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'ऊन लागलंय, जरा पडू द्या.' कुणी 'लू लागली' म्हणतं. माणूस घामाघूम होऊन थकला तरी हेच म्हणतात आणि जिवाच्या धोक्यात असला तरी हेच. शब्द एक, अवस्था दोन. पहिलीत सावलीत निजवून पाणी पाजलं की बहुतेक माणसं तासाभरात उठून बसतात. दुसरीत 'पडू द्या' म्हटलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून या महिन्यात एवढाच एक फरक नीट समजून घेऊ.

आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे अब्बा मिस्त्रीकाम, सेंट्रिंग, रंगकाम किंवा हमाली करतात. एप्रिल-मे महिन्यात आपल्या छत्रपती संभाजीनगरात पारा चाळीसच्या वर जातो, पण स्लॅबचं काम थांबत नाही. असं समजा, एक तरुण सकाळी सातपासून स्लॅबवर लोखंड बांधतोय. बारा-साडेबाराला त्याचं डोकं दुखू लागतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. अंगाला दरदरून घाम आहे, चेहरा उतरलाय, उभं राहिलं की चक्कर येते. पण तुम्ही विचारलं तर तो नाव सांगतो, घरचा पत्ता सांगतो, 'भाईजान, जरा बसू द्या' असं सरळ बोलतो. हा उष्णतेचा थकवा. डॉक्टर याला हीट एक्झॉशन म्हणतात. शरीरातलं पाणी आणि मीठ घामावाटे गेलंय, पण अंग थंड ठेवण्याची यंत्रणा अजून चालू आहे.

त्याला सावलीत आणा, आडवं करा, पाय विटांवर किंवा गोणीवर थोडे उंच ठेवा. बूट काढा, कपडे सैल करा, ओल्या कापडाने अंग पुसा, वारा घाला. मळमळ थांबली की ओआरएसचं पाणी घोट घोट पाजा. मोठं पाकीट असेल तर ते एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळायचं, अर्धं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, जेवणाचा नव्हे. साधारण अर्ध्या तासात त्याला बरं वाटायला हवं. वाटलं नाही, उलट्या थांबेनात, तर दवाखाना गाठा. आणि बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा स्लॅबवर चढू देऊ नका. मुकादमाला हे पटत नाही, पण थकव्यातून उष्माघाताकडे जाणारा रस्ता बहुतेक वेळा इथूनच जातो.

आता तोच तरुण थांबला नाही असं समजा. 'एवढी कॉलमची जाळी होऊ दे' म्हणत दीडपर्यंत राबला. मग तो विनाकारण चिडायला लागतो, हातातला पकड भलतीकडे ठेवतो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. 'आज वार कोणता?' विचारलं तर भलतंच उत्तर देतो. थोड्या वेळाने कोसळतो, कदाचित झटकेही येतात. हा उष्माघात. शरीराच्या आतलं तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या वर गेलंय आणि मेंदू, यकृत, मूत्रपिंडं अक्षरशः भाजू लागली आहेत.

फरक ओळखायची खूण म्हणजे माणसाचं भान. बोलणं, चालणं, वागणं बिघडलं की उष्माघात समजून चालायचं. थर्मामीटरची वाट बघू नका. काखेत लावलेला थर्मामीटर अशा वेळी आतली उष्णता कमी दाखवतो आणि सगळे निर्धास्त होतात.

एक समज मात्र डोक्यातून काढायलाच हवा. 'उष्माघातात घाम बंद होतो, कातडी कोरडी पडते' असं आपण शाळेत शिकलो. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांत बरेचदा तसं होतं. पण कष्ट करताना ज्याला उष्माघात होतो, तो घामाने चिंब असू शकतो. 'घाम येतोय ना, मग काही नाही' असं म्हणून किती जणांना बाजेवर पडू दिलं असेल, अल्लाह जाणे.

उष्माघातात पहिलं काम अंग थंड करणं. १०८ ला फोन एकाने लावायचा आणि त्याच क्षणी बाकीच्यांनी पाणी ओतायला लागायचं. गाडी यायची किंवा घाटीत पोहोचायची वाट बघत कोरडं ठेवायचं नाही. पहिल्या अर्ध्या तासात अंग उतरलं तर वाचण्याची शक्यता खूप वाढते. बांधकामावर पाण्याची टाकी, ड्रम किंवा हौद असतोच. त्या तरुणाला गळ्यापर्यंत पाण्यात बसवा. दोघांनी काखेत हात घालून धरायचं, डोकं पाण्याबाहेर, क्षणभरही सोडायचं नाही. जवळच्या रसवंतीवरून बर्फ आणून पाण्यात टाकता आला तर फारच उत्तम. हौद नसेल, किंवा माणूस वयस्कर असेल, तर बादल्यांनी पाणी ओतत राहा आणि पुठ्ठा, पंखा, जे मिळेल त्याने जोरात वारा घाला. नुसतं पाणी किंवा नुसता वारा पुरत नाही, कातडीवरचं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं.

हाजींच्या उपचारातही हेच तत्त्व वापरलं गेलं. १९८० च्या सुमारास डॉ. खोगाली आणि प्रा. वायनर यांनी उष्माघाताच्या रुग्णांसाठी एक जाळीची खाट तयार केली. तिच्यावर रुग्णाला निजवून पाण्याचा बारीक फवारा आणि त्यावर उबदार हवेचा झोत सोडायचे. उबदार का, तर कातडी एकदम गार पडली की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. तिचं नावच 'मक्का बॉडी कूलिंग युनिट' पडलं. तरीही २०२४ च्या हजमध्ये तेराशेहून अधिक यात्रेकरू दगावले. त्यातले बहुतेक परवान्याविना आलेले, लांबचं अंतर उन्हात चाललेले होते.

पारा चाळीसच्या आत आहे म्हणून बेफिकीर राहू नये. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी चौदा जण गेले. तिथे तापमान अडतीसच्या आसपास होतं, पण दमट हवेत घाम उडत नाही. आपल्या कोरड्या हवेत उलट. घाम लगेच उडतो, म्हणून किती पाणी गेलं ते कळतच नाही.

रुग्ण बाई असेल तर आसपासचे पुरुष संकोचतात आणि तिथेच वेळ जातो. बायकांनी चादरीचा आडोसा धरावा, वरचा बुरखा काढावा, आतल्या कपड्यांवरूनच पाणी ओतावं. कपडे भिजले तरी काम होतं.

भान हरपलेल्याच्या तोंडात पाणी, सरबत, झमझमसुद्धा घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवावं. कांदा हुंगवून, चप्पल हुंगवून काही होत नाही. तापाची गोळीही देऊ नये. हा ताप जंतूंचा नसल्याने ती काम करत नाही आणि यकृतावर भार पडतो. रोजा असेल आणि थकव्याची लक्षणं दिसली तर रोजा सोडायचा. आजाऱ्याला नंतर कजा करण्याची सवलत सूरह बकरातच आहे.

माणूस थरथरू लागला, नीट बोलू लागला की पाणी थांबवा. पण दवाखान्यात न्याच, कारण यकृत आणि मूत्रपिंडांची इजा एक-दोन दिवसांनी रक्ततपासणीत दिसते. आणि गावाकडून नुकताच कामाला आलेला भाचा-पुतण्या असेल तर त्याच्यावर पहिला आठवडाभर नजर ठेवा. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात आणि बळी जास्त करून पहिल्या काही दिवसांतलेच असतात. पहिल्या दिवशी त्याला निम्म्याहून कमी वेळ उन्हात ठेवा आणि पुढे रोज थोडा थोडा वाढवत न्या.