पाच हजारांत मुंबई? हिशेब नीट मांडा, मग ड्रायव्हरला चोर म्हणा

आपल्या तालुक्यातल्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. "समृद्धीने मुंबई जाऊन-येऊन फक्त पाच हजार. गाडीवाले लुटतात." आणि हा मेसेज दाखवून लोक गाडीवाल्यांशी भांडतायत. त्यातले बरेच जण पेशंट घेऊन परळला निघालेले असतात. हातात पैसे मोजके आणि हिशेब चुकीचा. म्हणून स्पष्टच लिहितो: हा हिशेब खोटा आहे.

मेसेजमधलं गणित असं. जायचं अंतर 470 किलोमीटर, येऊन-जाऊन 940. गाडीचं मायलेज 20, म्हणजे 47 लिटर. पेट्रोल 105 धरलं तर 4935 रुपये. टोल शून्य, कारण म्हणे "तीन हजारांचा पास काढलाय". पार्किंगचा तर उल्लेखच नाही.

आधी टोलचं बघू. तो वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. समृद्धी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा रस्ता आहे, तिथे तो पास चालत नाही. 1 एप्रिल 2025 पासून तिथे कारला किलोमीटरमागे 2 रुपये 6 पैसे लागतात, आणि जेवढं अंतर कापाल तेवढेच कापले जातात. आपल्या प्रवासात समृद्धीवरचं अंतर 400 किलोमीटर धरलं तर एका बाजूचे 824, दोन्ही बाजूंचे 1648. फास्टॅगमध्ये एवढी शिल्लक हवीच. उलट काही गाडीवाले मुंबईत शिरायचा टोल अजून हिशेबात लावतात, तोही चूक. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर कारला टोल माफ आहे. तो कुणी मागितला तर देऊ नका.

आता खरी मेख. मायलेज 20 हा कंपनीचा आकडा. तो प्रयोगशाळेत, ठरावीक चाचणीत निघतो. पाच माणसं, सामान, एसी आणि 120 चा वेग त्यात नसतो. वेग 90 वरून 120 वर नेला की हवेचा विरोध पावणेदोनपट होतो. तो तोडायला इंजिन पेट्रोल पितं. 90 ला 18 देणारी गाडी 120 ला 14 वर आली तर ड्रायव्हरने तेल चोरलं असं होत नाही.

तर हिशेब तुकड्या-तुकड्यांनी करा. समृद्धीचे येऊन-जाऊन 800 किलोमीटर. घर ते इंटरचेंज, आमणे ते परळ आणि शहरातली फिराफिरी मिळून 180 किलोमीटर. ही 40 ची फिराफिरी मेसेजवाल्याने धरलेलीच नाही. खड्डे आणि ट्रॅफिकमध्ये मायलेज 12 धरा, म्हणजे 15 लिटर. समृद्धीवर 120 ने गेलात तर 57 लिटर. एकूण 72 लिटर, 7560 रुपये. त्यात टोल 1648 आणि दोन दिवसांच्या पार्किंगचे अंदाजे 600 मिळवा. झाले 9808. कुठे पाच हजार आणि कुठे हे?

हीच गाडी 90 ने चालवली तर समृद्धीवर साडेचव्वेचाळीस लिटर लागतात. एकूण खर्च साधारण साडेआठ हजार. म्हणजे 120 च्या हौसेचे तेराशे रुपये. हा दुसरा टोलच आहे, फक्त नाक्यावर न भरता पंपावर भरायचा. बदल्यात वाचतो एका बाजूला तास-सव्वा तास. पेशंट गंभीर असेल तर तो तास मोलाचा, जरूर मोजा पैसे. पण तपासणीची तारीख घेऊन निघालेल्या माणसाला कुणी हे सांगत नाही. पुढारी भाषणात "आठ तासांत मुंबई" म्हणतात, त्या आठ तासांचं पेट्रोल कोण भरणार ते म्हणत नाहीत. आणि 120 ही मर्यादा आहे राव, हुकूम नाही.

गाडीवाल्यांचं ऐकूनही विश्वास ठेवू नका. निघताना पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, मीटरचा फोटो काढा. परत आल्यावर त्याच पंपावर तशीच भरा. मधे कुठे भरलं असेल तर त्याच्या पावत्या जपा. धावलेले किलोमीटर भागिले निघाल्यानंतर भरलेले सगळे लिटर, हे तुमचं खरं मायलेज. त्यात ना कंपनीचा शब्द, ना ड्रायव्हरचा.

आणि वरचा आकडा फक्त तेल, टोल, पार्किंगचा आहे. ड्रायव्हरचा रोज, टायर, सर्व्हिसिंग आणि मालकाचं भाडं वेगळं. भाडं ठरवताना वेग किती ठेवायचा, टोल-पार्किंग कुणाकडे, हे निघायच्या आधी बोला. परळच्या फुटपाथवर पेशंटसमोर भांडू नका.

मेसेज पाठवणाऱ्यांनो, पुढच्या वेळी फॉरवर्ड करण्याआधी निदान भागाकार तरी करा.