राशनला जमीनदार, सातबाराला भूमिहीन



राशन दुकानाच्या दारावर पिवळ्या कार्डाची नोटीस लागली आहे. बारीक टायपाची, अर्धी पावसाने भिजलेली. ती आपल्यातल्या फार थोड्यांनी वाचली, आणि ज्यांनी वाचली त्यांना दुकानदाराने सांगितलं, "तुम्ही प्लॉटवाले, तुम्हाला हे लागू नाही." लोक घरी परत गेले.

हे साफ खोटं आहे. आम्ही मागच्या आठवड्यात आपल्या पाड्यावरच्या एका कुटुंबाबरोबर बसून ती नोटीस ओळ न् ओळ वाचली. जे तिथे बोललो तेच इथे छापतोय, कारण हा घोळ त्या एकाच घराचा नाही.

घर असं आहे. म्हातारी आजी, मुलगा, सून आणि तीन पोरं. जात वारली. सातबारा नाही. तीन एकर फॉरेस्ट प्लॉट, आज्याच्या वेळेपासून कसतात. दोन एकर उतारावर नाचणी, वरई. खाली एक एकर खाचर, त्यात भात. भात निघालं की ओलीवर वाल टाकतात. दिवाळी झाली की नवराबायको पोरांना घेऊन वीटभट्टीवर जातात, आजी वाल राखत मागे राहते. असं घर जर गरीब नसेल तर या तालुक्यात गरीब कोण?

नोटीस काय म्हणते ते बघा. घरात कोणी डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, चार्टर्ड अकाउंटंट नसावा. कोणी आयकर, विक्रीकर, व्यवसाय कर भरत नसावा. घरी टेलिफोन नसावा, चार चाकांची गाडी नसावी. हे वाचलं तेव्हा आजी हसली. या अटींवर वेळ घालवायची गरज नाही, त्या आपल्याला कुठेच अडवत नाहीत. अडवतात दोनच अटी, जमिनीची आणि उत्पन्नाची.

जमिनीची अट अशी. घरातल्या सगळ्यांची मिळून जमीन दोन हेक्टर जिरायत, किंवा एक हेक्टर हंगामी बागायत, किंवा अर्धा हेक्टर बारमाही बागायत एवढी नसावी. दुष्काळी तालुक्यात ही मर्यादा दुप्पट आहे. आता हेक्टर आपल्याला कळत नाही, एकर-गुंठे कळतात. दोन हेक्टर म्हणजे पाच एकराला सव्वादोन गुंठे कमी. एक हेक्टर म्हणजे अडीच एकराला सव्वा गुंठा कमी. मग तीन एकर जिरायतवाला या अटीत बसतो की नाही? बसतो. जवळपास दोन एकर राखून बसतो. म्हणजे "प्लॉटवाल्याला कार्ड नाही" असं त्या नोटिशीत कुठेही लिहिलेलं नाही. ते दुकानदाराच्या तोंडात आहे, कागदावर नाही.

मग या कुटुंबाचा अर्ज मागच्या खेपेला फेटाळला कसा? आम्ही चौकशीचा कागद बघितला. त्यावर लिहिलं होतं, "तीन एकर हंगामी बागायत." कारण काय, तर भातानंतर वाल दिसला! वाल निघतो तो जमिनीत राहिलेल्या ओलीवर. विहीर नाही, पाट नाही, पंप नाही, बादलीभर पाणी कोणी घालत नाही. आणि वाल होता एका एकरात, पण लिहिताना नाचणीचा उतारसुद्धा बागायत झाला. लेखणीच्या एका फटक्यात तीन एकर माळ भिजला आणि घर अडीच एकराच्या मर्यादेबाहेर गेलं. दुसरं पीक दिसलं म्हणजे बागायत होत नाही. पाणी कुठून दिलं ते विचारायला हवं होतं. म्हणून कोणी चौकशीला आला तर त्याला घरात बसवून चहा पाजून परत पाठवू नका, शेतावर न्या. विहीर दाखव म्हणा. पाट दाखव म्हणा. आणि त्याने काय लिहिलं ते वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

आता यातली खरी लबाडी ऐका. राशनच्या चौकशीत ज्या तीन एकरांवर बोट ठेवलं, त्याच तीन एकरांचा सातबारा मागायला गेलो तर काय उत्तर मिळतं? "ती जमीन तुमची नाही, सरकारी जंगल आहे, तुम्ही अतिक्रमण केलंय." ३ मे २००२ ला दिल्लीहून अतिक्रमणं हटवायचं पत्रक निघालं, तेव्हापासून गार्ड रोज उभं पीक उपटायची भाषा करतो. म्हणजे जंगलखात्याच्या कागदात आपण चोर आणि पुरवठ्याच्या कागदात बागायतदार. जमीन आपली आहे ती फक्त धान्य नाकारण्यापुरती. सरकारने एकदाच काय ते ठरवावं. आमची मानायची असेल तर सातबारा द्या. मानायची नसेल तर ती मोजून कार्ड तोडू नका.

पण साथींनो, आपल्याही एका चुकीबद्दल बोलायला हवं, आणि यासाठीच हा अंक काढला आहे. या भांडणाला कंटाळून काही घरांनी सोपा रस्ता धरला. एजंट सांगतो, "भूमिहीन लिही, कार्ड लगेच मिळेल." स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र होतं, "माझ्याकडे कोणतीही जमीन नाही, मी कोणतीही जमीन कसत नाही." खाली अंगठा. आमच्या या कुटुंबाकडेही असा कागद टाईप करून तयार होता, अंगठा तेवढा द्यायचा राहिला होता.

त्या कागदाचा अर्थ काय होतो? प्लॉटच्या दाव्यात आपल्याला दाखवावं लागतं की पूर्वीपासून आपण ही जमीन कसतोय आणि आजही कसतोय. त्यासाठी आपण दंडाच्या पावत्या शोधतो, एकसालीचे कागद शोधतो, म्हाताऱ्यांचे जबाब घेतो. आणि दुसऱ्या बाजूला आपल्याच अंगठ्याने लिहून देतो की मी काहीच कसत नाही. उद्या हा कागद समोरच्याने काढला तर आपण काय बोलणार? धान्यासाठी आज्याची तीन एकर जमीन आपल्याच हाताने सोडून दिल्यासारखं होईल. आणि वाईट याचं वाटतं की हे खोटं बोलायची गरजच नाही. तीन एकर खरी सांगूनही घर अटीत बसतं!

म्हणून जमिनीच्या रकान्यात आम्ही या कुटुंबाकडून असं लिहून घेतलं: "नावावर सातबारा नाही. वनखात्याच्या जमिनीवर तीन एकर जिरायत पिढ्यान्‌पिढ्या कसत आहोत. दाव्याची मागणी केलेली आहे. पाण्याची सोय नाही." चार वाक्यं. कार्डालाही चालतात आणि दाव्यालाही. तुमची जी एकर असेल ती लिहा, पण "भूमिहीन" हा शब्द, जो खरोखर काहीच कसत नाही त्याने सोडून, कोणी लिहू नका.

ज्यांची जमीन मर्यादेपेक्षा जास्त भरते त्यांनी आधी चूल बघावी. सहा एकर बापाच्या नावावर सांगतात, पण दोन मुलगे लग्न होऊन वेगळे झाले, चूल वेगळी, कसणूक वेगळी. मग जुन्या कार्डातून नाव कमी करून घ्या आणि वेगळ्या कार्डाचा अर्ज करा. मात्र चूल खरोखर वेगळी असेल तरच. एकाच हंड्यातलं जेवून दोन कार्डं मागितली तर पाड्यातलेच लोक बोट दाखवतील आणि खऱ्यांचेही अर्ज पडतील.

आता उत्पन्नाची अट. वर्षाला पंधरा हजार, सगळ्या घराचं मिळून. महिन्याला साडेबाराशे. इथे हिशोब कसा केला? दोन माणसं, तीनशे दिवस, चाळीस रुपये रोज, झाले चोवीस हजार. कुठल्या गावात तीनशे दिवस काम मिळतं? तिथे आम्हालाही न्या! आम्ही या घराचा हिशोब मांडला. भट्टीची उचल तीन हजार. चोवीस आठवडे दोनशे रुपये खर्ची, म्हणजे चार हजार आठशे. शेवटी हिशोब होऊन हातात पडले अडीच हजार. लावणी-कापणीला दोघांचे मिळून साठ रोज, चाळीसने चोवीसशे. वाल विकून सहाशे. एकूण तेरा हजार तीनशे. भात-नाचणी विकली नाही, ती पौषापर्यंत खाऊन संपली. हा हिशोब कागदावर मांडून अर्जाला जोडला. नुसतं "गरीब आहे" म्हणू नका. आकड्याला आकड्याने उत्तर द्या.

कातकरी घरांसाठी वेगळी गोष्ट आहे, ती नोटिशीत छापलेलीच नाही. सुप्रीम कोर्टाने २ मे २००३ च्या हुकुमात सांगितलं आहे की आदिम जमातींना अंत्योदय योजनेत घ्यायचं. आपल्या राज्यात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या आदिम जमाती आहेत. ज्यांना आधार नाही अशा विधवा, एकट्या बाया, साठीपुढची निराधार म्हातारी माणसंही त्याच हुकुमात आहेत. अंत्योदयात महिन्याला पस्तीस किलो धान्य; गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये किलो हा भाव २०२२ पर्यंत होता. म्हणून कातकरी भावांनी पिवळ्या कार्डाच्या रांगेत जमिनीचा वाद घालत बसू नये. अर्जावर जमात लिहून थेट अंत्योदय मागावं. आणि वारली, ठाकूर, कोकणा भावांनी "त्यांना का, आम्हाला का नाही" म्हणून पाड्यात भांडण लावू नये. भांडायचं ते कचेरीशी.

या कुटुंबाचा अर्ज आता दिलेला आहे. दोन प्रती नेल्या, एक दिली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली. कारकून म्हणाला, "पोच कशाला, विश्वास नाही का?" सून म्हणाली, "मागच्या खेपेला विश्वास ठेवला होता." पोच मिळाली. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागायचं आणि जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे जायचं, हे ठरलं आहे.

पुढच्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्याने दोन मागण्या ठरावात लिहून घ्याव्या. पहिली, कोणाची जमीन किती आणि कशी लिहिली ती चौकशी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. दुसरी, कार्डासाठी कोणाकडून "जमीन कसत नाही" असं लिहून घेऊ नका. आणि ज्यांनी असा कागद आधीच दिला आहे त्यांनी लाजू नये. संघटनेच्या बैठकीला या, खरी माहिती देणारा दुरुस्तीचा अर्ज आपण मिळून लिहू. लपून राहिलेला कागदच पुढे घात करतो.

धान्यही आमचं, प्लॉटही आमचा. एकासाठी दुसरं सोडणार नाही.