टोकन पाठवण्याआधी भिंतीचा पाय बघा

परंडा, उमरग्याहून कॉलेजसाठी धाराशिवला येताय आणि व्हॉट्सॲपवर आलेले फ्लॅटचे फोटो बघूनच टोकन पाठवताय? जरा थांबा.

आपल्याकडे मे महिन्यात बहुतेक भिंती कोरड्याच दिसतात. ओल कळते ती पावसाळ्यात. म्हणून फोटो मोठा करून भिंतीचा जमिनीलगतचा दोनेक फूट भाग बघा. तिथे पोपडे, पांढरा लोणा किंवा फक्त तेवढाच पट्टा नव्या रंगाचा दिसला, तर जमिनीतलं पाणी भिंतीत चढत असणार. वरून रंग मारून ते थांबत नाही.

भर दुपारच्या फोटोतही ट्यूब चालू आणि पडदा ओढलेला असेल, तर खिडकीबाहेर शेजाऱ्याची भिंत असू शकते.

खोली ऐसपैस वाटली तर फरश्या मोजा. दोन फुटी फरश्या पाच बाय चार असतील, तर खोली दहा बाय आठ. सहा बाय तीनच्या दोन कॉट टाकल्यावर कपाट कुठे ठेवणार?

माझं म्हणणं सरळ आहे. व्हिडिओ कॉल करा. ट्यूब बंद करून, कॉट सरकवून दाखवायला सांगा. मालक टाळाटाळ करू लागले, तर टोकन आपल्याच खात्यात राहू द्या.